दुसऱ्याच्या लव्ह रीडिंगमध्ये थ्री ऑफ सोर्ड्स आलं तर काय बोलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःसाठी कार्डं काढताना आपण मनातल्या मनात काहीही म्हणू शकतो, पण समोर मैत्रीण बसलीय, तिचं लक्ष कार्डापेक्षा आपल्या चेहऱ्याकडे जास्त आहे, आणि नेमकं हृदयात तीन तलवारी घुसलेलं कार्ड निघतं, तेव्हा भलेभले गडबडतात. टॅरो शिकणाऱ्या मुली मला सगळ्यात जास्त याच कार्डाबद्दल विचारतात, म्हणून इथे फक्त याच एका कार्डाबद्दल लिहितेय.

या कार्डाला लोक एवढे घाबरतात का?

कारण त्यात बघण्यासारखं दुसरं काही नाहीच. आपण बहुतेक जण जो डेक वापरतो तो रायडर-वेट डेक, १९०९ साली लंडनमध्ये छापलेला, आणि त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढलीत. बाकीच्या बऱ्याच कार्डांवर माणसं आहेत, घोडे आहेत, घरं आहेत, म्हणजे नजर फिरवायला जागा आहे. थ्री ऑफ सोर्ड्सवर माणूसच नाही. एक लाल हृदय, त्यात आरपार तीन तलवारी, मागे करडे ढग आणि पाऊस. संपलं. ज्याला टॅरोचा ट सुद्धा माहीत नाही त्यालाही एका सेकंदात कळतं की हे दुखणं आहे.

हे चित्र तसं जुनं आहे. इटलीतला सोला बुस्का नावाचा पंधराव्या शतकातला डेक आहे, त्यातल्या तीन तलवारींच्या कार्डावरही असंच भोसकलेलं हृदय आहे. म्हणजे माणसं पाचशे वर्षांपासून हे चित्र बघून दचकतायत, त्यामुळे तुमची मैत्रीण दचकली तर त्यात तिचं काही चुकलेलं नाही आणि "अगं घाबरू नकोस" असं लगेच म्हणायचीही गरज नाही.

मग याचा अर्थ ब्रेकअप असाच घ्यायचा का?

नाही. हा डेक तयार करून घेणाऱ्या वेटने स्वतः या कार्डाचे जे अर्थ दिलेत त्यात दूर जाणं, नसणं, उशीर, फूट, तुटणं, पांगणं असे शब्द आहेत. नीट वाचलंत तर दिसेल की यातलं तुटणं हा फक्त एक भाग आहे. नवरा सहा महिने जहाजावर आहे हेही "नसणं" आहे. घरच्यांनी लग्नाची बोलणी पुढे ढकलली हाही "उशीर" आहे. दोन्हींमध्ये दुखतं, पण नातं तुटलेलं नसतं.

मी स्वतः हे कार्ड असं वाचते की इथे काहीतरी दुखतंय आणि ते लपवण्याच्या पलीकडे गेलंय. बस एवढंच कार्ड सांगतं. का दुखतंय, कुणामुळे दुखतंय, पुढे काय होणार, हे कार्डावर नाही. ते जिचं रीडिंग आहे तिला माहीत असतं, आणि आपण घाईने कारण सांगायला गेलो की तिथेच घोळ होतो.

पण "थ्री" म्हणजे तिसरी व्यक्ती असते ना?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि मला यावर जरा जास्त बोलायचंय, कारण ही चूक मी केलेली आहे.

सुरुवातीच्या दिवसांत एका ओळखीच्या ताईंचं रीडिंग करत होते. नवरा हल्ली गप्प गप्प असतो, उशिरा येतो, फोन घेऊन बाल्कनीत जातो असं त्या सांगत होत्या आणि मधल्या जागेवर थ्री ऑफ सोर्ड्स आलं. मी कुठेतरी वाचलेलं तसंच्या तसं म्हणून टाकलं, "ताई, यात कुणीतरी तिसरं दिसतंय." त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण मला वाटलं खरं बोलणं हेच माझं काम. त्या घरी गेल्या, त्याच रात्री भांडण झालं, पोरांसमोर झालं. आणि नंतर कळलं की नवऱ्याच्या आईच्या तपासणीचे रिपोर्ट वाईट आले होते, तो बाल्कनीत जाऊन भावाशी बोलत होता आणि बायकोला इतक्यात सांगायचं नाही असं दोघा भावांनी ठरवलं होतं. दुखणं खरं होतं, लपवणंही खरं होतं, पण तिसरी बाई मी माझ्या पदरची घातली होती. मी जाऊन माफी मागितली, त्यांनी मनही मोठं केलं, पण ती रात्र काही मला परत घेता आली नाही.

म्हणून आता नियम एकच, समोर नसलेल्या माणसाच्या वागण्याबद्दल मी कार्डावरून कधीच ठाम बोलत नाही. "तो फसवतोय", "त्याच्या मनात दुसरी आहे", "तो तुला विसरला" ही वाक्यं माझ्या तोंडी आता येत नाहीत. तो माणूस तिथे बसलेला नाही, त्याने कार्डं शफल केलेली नाहीत, त्याला उत्तर द्यायची सोय नाही. आणि तीन तलवारी फक्त तीन आहेत कारण कार्डाचा नंबर तीन आहे.

कार्डं काढायच्या आधी काही बोलून घ्यावं का?

हो, आणि अर्धं काम तिथेच होतं. दोन गोष्टी करा.

पहिली म्हणजे प्रश्न थोडा वळवून घ्या. "तो परत येईल का?" असा प्रश्न ठेवला तर कार्डांना हो किंवा नाही एवढंच बोलायला जागा उरते आणि त्यात थ्री ऑफ सोर्ड्स आलं की ते थेट "नाही" असंच ऐकू येतं, तुम्ही किती का समजावा. त्याऐवजी "आमच्यात सध्या काय चाललंय आणि मला काय करता येईल?" असं तिच्याच शब्दांत तिला म्हणायला लावा.

दुसरी म्हणजे आधीच विचारा, "एखादं जड कार्ड आलं तर तुला सरळ सांगू की हळूहळू जाऊ?" बहुतेक जणी सरळ सांग म्हणतात, पण विचारल्यामुळे त्यांची तयारी होते. एकदा एक मुलगी म्हणाली "आज नको ना काही जड", तर आम्ही त्या दिवशी कार्डं काढलीच नाहीत, चहा घेतला आणि ती घरी गेली. मला ते बरोबरच वाटलं.

कार्ड उघडल्यावर तोंडातून पहिलं वाक्य काय यावं?

आधी काय येऊ नये ते सांगते. "अरे बापरे", "ओह", "हं...", जीभ चावणं, पटकन पुढचं कार्ड उघडणं. हे सगळं तिला दिसतं आणि अर्थ ऐकण्याआधीच ती ठरवून मोकळी होते की आपलं काही खरं नाही. मी सगळी कार्डं आधी पालथी मांडते आणि मग एकेक सावकाश उघडते, हात त्याच स्पीडने चालतो, कार्ड कुठलंही येवो.

मग चित्राचं नाव घेते. "हे थ्री ऑफ सोर्ड्स आहे. दिसायला जड कार्ड आहे, तुलाही दिसतंच आहे. आपण आधी चित्र बघूया." आणि गप्प बसते. खरंच गप्प, मनात दहा आकडे मोजेपर्यंत. हे सगळ्यात अवघड जातं कारण शांतता भरून काढायची आपल्याला सवय असते. पण बहुतेक वेळा तीच बोलते, "हे माझं असंच झालंय बघ" किंवा "हे त्या दिवशीचं आहे". आणि एकदा तिने स्वतः नाव दिलं की आपल्याला अंदाज करत बसावं लागत नाही.

ती बोललीच नाही तर विचारायचं, "यात तुझं लक्ष आधी कुठे गेलं?" कुणी तलवारी म्हणतं, कुणी पाऊस म्हणतं. एक काकू म्हणाल्या होत्या "रक्त कुठाय यात?" आणि खरंच, त्या चित्रात रक्ताचा थेंब नाहीये. त्यावरून काकू स्वतःच म्हणाल्या की माझंही तसंच, आतल्या आत. इतकी वर्षं मी ते कार्ड बघत होते, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

एखादं पूर्ण रीडिंग सांगाल का, म्हणजे प्रत्यक्ष कसं बोललात ते?

सांगते. तिची परवानगी घेतलीय, आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

मुलगी ठाण्याची, तीन वर्षांचं नातं, तो आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी बंगळुरूला गेला. आधी रोज फोन, मग दिवसाआड, आता मेसेजला दुसऱ्या दिवशी रिप्लाय. तिचा प्रश्न होता, "त्याला मी नकोय का?" तो आम्ही वळवून "आमच्यात काय अडलंय आणि मी आता काय करू?" असा घेतला. पाच कार्डं मांडली: ती, तिला दिसणारा तो, दोघांमधलं सध्याचं, मागून ओढणारं काहीतरी, आणि तिच्या हातातलं पुढचं पाऊल. दुसऱ्या जागेला मी मुद्दाम "तिला दिसणारा तो" म्हणते, "तो" म्हणत नाही, कारण वर सांगितलं तेच.

तिच्या जागी टू ऑफ सोर्ड्स आलं, डोळ्यांवर पट्टी बांधून दोन तलवारी छातीशी धरून बसलेली बाई. त्याच्या जागी नाइट ऑफ कप्स, पेला पुढे धरून सावकाश घोड्यावरून येणारा. मध्ये थ्री ऑफ सोर्ड्स. मागून ओढणाऱ्या जागी सिक्स ऑफ कप्स, एक मुलगा लहान मुलीला फुलांचा पेला देतोय. शेवटच्या जागी पेज ऑफ सोर्ड्स, वाऱ्यात तलवार उंच धरून उभा असलेला पोरगा.

मधलं कार्ड उघडलं आणि ती म्हणाली, "झालं. संपलं ना?" मी म्हटलं, "संपलं असं हे कार्ड म्हणत नाही. दुखतंय असं म्हणतंय. ते तर तू आल्यापासून मला सांगतेयस. कधीपासून दुखतंय?" तिने सांगितलं, गणपतीत तो येणार होता, तिकीट काढलं होतं, आणि आदल्या दिवशी नाही म्हणाला. ती "इट्स ओके" म्हणाली. आणि त्यानंतर तिने तो विषयच काढला नाही.

मग मी तिला पहिल्या कार्डाकडे परत नेलं. "ही बाई बघ. हिच्या तलवारी कुणी मारलेल्या नाहीत, हिने स्वतःच धरल्यात, आणि डोळे बांधलेत. तू इट्स ओके म्हणालीस तेव्हा असंच काही झालं का?" इथे ती थोडी रडली. पाचात तीन कार्डं सोर्ड्सची, आणि सोर्ड्स म्हणजे विचार आणि बोलणं. प्रेमाच्या प्रश्नात एवढ्या तलवारी आल्या की मी आधी बघते की काय बोलायचं राहिलंय, प्रेम संपलंय का हे त्यानंतर. सिक्स ऑफ कप्सवर ती स्वतःच म्हणाली की मी त्याची तुलना सारखी पहिल्या वर्षाशी करते. आणि पेज ऑफ सोर्ड्सवर मी एवढंच म्हटलं की हा पोरगा फार सफाईदार नाही, पण विचारायला घाबरत नाही, तर तुला त्याला नेमकं काय विचारायचंय ते एका वाक्यात मला सांग. तिने तीन वेळा बदललं आणि शेवटी वाक्य झालं, "गणपतीत तू आला नाहीस तेव्हा मला खूप लागलं होतं, आणि मी ते सांगितलं नाही."

यात मी थ्री ऑफ सोर्ड्सला गोड केलं नाही आणि भयंकरही केलं नाही, ते जिथे होतं तिथेच ठेवलं आणि बाजूच्या कार्डांना बोलू दिलं. एकटं वाचलं असतं तर आम्ही दोघी तिथेच अडकलो असतो.

कार्ड कुठल्या जागेवर आलंय याने फरक पडतो का?

खूप. भूतकाळाच्या जागी आलं तर मी "हे झालेलं आहे, अजून ठुसठुसतंय का?" असं विचारते. सल्ल्याच्या जागी आलं की नवीन लोक चक्रावतात, हृदयात तलवारी हा कसला सल्ला? तिथे मी ते "लागलंय हे मान्य कर, हसून नेऊ नकोस" असं वाचते. आणि भविष्याच्या जागी आलं तर खरी परीक्षा. तिथे "होणार" हा शब्द टाळा. "आत्ता जसं चाललंय तसंच चाललं तर एखादं दुखरं बोलणं समोर येऊ शकतं, त्याची तयारी कशी करूया?" एवढंच. चित्र डोकं खाली असं उलटं कार्ड आलं तर कुणी दुखणं ओसरतंय म्हणतं, कुणी दुखणं दाबलंय म्हणतं, यातलं कुठलं ते समोरच्यालाच विचारा. तुम्ही उलटी कार्डं वाचताच का नाही हे मात्र शफल करायच्या आधी ठरवा, जड कार्ड बघून नंतर नको.

सरळ चांगलंच सांगितलं तर काय बिघडतं? बिचारी आधीच दुःखी आहे.

मला ही भावना कळते, पण बिघडतं. चित्र तिच्या समोर आहे. तीन तलवारी बघून तुम्ही "अगं हे तर नवीन सुरुवातीचं कार्ड आहे" म्हणालात तर तिला दोनच गोष्टी वाटतात, एक तर हिला येत नाही, नाहीतर एवढं वाईट आहे की ही लपवतेय. दुसरं जास्त वाटतं. मग ती घरी जाऊन रात्री एक वाजता त्या कार्डाचा अर्थ शोधत बसते आणि जे सगळ्यात भयानक लिहिलेलं सापडतं तेच खरं मानते.

शब्द मऊ असावेत, अर्थ बदलू नये. "तुझं हृदय तुटणार" ऐवजी "इथे लागलंय". "नात्यात फूट आहे" ऐवजी "तुमच्यात अंतर पडलंय असं तुला वाटतं का?" दोन्हींत दुखणं आहेच, फक्त दुसऱ्यात तिला नाही म्हणायला जागा आहे. आणि ती नाही म्हणाली तर ते मान्य करा, कार्ड बरोबर ठरवायला भांडू नका.

ती म्हणते अजून एक कार्ड काढ, चांगलं येईपर्यंत. काढू का?

एक काढा, चांगलं येईपर्यंत नाही. तेही प्रश्न ठरवून, "या दुखण्यात मला आधार कशाचा आहे?" असा. ७८ कार्डांत काढत राहिलात तर कधीतरी टू ऑफ कप्ससारखं प्रेमाचं कार्ड येणारच, त्याला काही अर्थ उरत नाही. आणि तोच प्रश्न परत विचारायचा तर मी निदान महिनाभर थांबायला सांगते, मधे काहीतरी घडू दे, फोन होऊ दे, भेट होऊ दे.

ती रडायला लागली तर?

कार्डावरचा हात काढा आणि थांबा. पाणी द्या. "रडू नको" म्हणू नका. जवळची मैत्रीण असेल तर खांद्यावर हात ठेवा, कमी ओळखीची असेल तर आधी विचारा. पुढे जायचं की इथेच थांबायचं हे तिला ठरवू द्या, स्प्रेड अर्धा राहिला तरी काही होत नाही. मी शेवटची दोन कार्डं न उघडता परत डेकमध्ये ठेवलीत असं बऱ्याचदा झालंय.

बोलता बोलता मारहाण किंवा धमकीची गोष्ट निघाली तर?

रीडिंग तिथेच बंद. खरंच, डेक गोळा करून बाजूला ठेवा. "पुढचं कार्ड काय म्हणतं बघूया" असं अजिबात नको, कारण एखादं गोड कार्ड निघालं तर ती त्या जोरावर परत त्या घरात जाईल. तिला सांगा की हे कार्डांनी बघायचं काम नाही. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. आणि मनाने फार खचली असेल, जगण्यात राम नाही असं काही बोलत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे. तिला एकटीला पाठवू नका, घरचं किंवा विश्वासाचं कुणी येईपर्यंत सोबत बसा.

व्हॉट्सॅपवर कुणी रीडिंग मागितलं आणि हे कार्ड आलं तर कसं पाठवायचं?

नुसता कार्डाचा फोटो कधीच पाठवू नका, आणि "काहीतरी जड आलंय, फोन कर" असंही नको, तुमचा फोन लागेपर्यंतची तिची दहा मिनिटं कशी जातील याचा विचार करा. मी आधी वेळ विचारते, "आत्ता बोलायला निवांत आहेस का?" आणि कॉलवरच सांगते. फोटो नंतर, सगळ्या स्प्रेडचा एकत्र, सुटं कार्ड नाही. आणि फोटोखाली एक ओळ लिहिते, अर्थ नाही, तिनेच बोलताना म्हटलेलं वाक्य. त्या ठाण्याच्या मुलीला मी गणपतीचं ते वाक्यच लिहून पाठवलं होतं. तिने ते चार दिवसांनी त्याला तसंच्या तसं फॉरवर्ड केलं आणि मग मला कळवलं की पाठवलं, आता वाट बघतेय.